मेकॅनम चाकांचा रोबो: तोंड सरळ, एन्कोडर समान, तरी डावीकडे का सरकतो?

अनिकेत

चार मेकॅनम चाकांचा एक रोबो बांधला आहे. सरळ पुढे जायला सांगितलं की तो पुढे जाताजाता डावीकडे सरकतो. वळत मात्र नाही. तोंड समोरच्याच भिंतीकडे राहतं आणि अख्खा रोबो तिरका पुढे जातो.

तपशील देतो. एकूण वजन ८ किलो. चाकांचा व्यास १०० मिमी, रोलर ४५ अंशांत. चारही चाकं चौरसाच्या कोपऱ्यांवर, मध्यापासून पुढे-मागे १५ सेंमी आणि डावी-उजवीकडे १५ सेंमी. प्रत्येक मोटरला एन्कोडर आहे आणि प्रत्येक चाकाचा वेग स्वतंत्र पीआयडी सांभाळतो. दिशेसाठी जायरो आहे. कोडमधलं गणित असं:

```
k = lx + ly            # 0.15 + 0.15
fl = (vx - vy - k*wz) / r
fr = (vx + vy + k*wz) / r
rl = (vx + vy - k*wz) / r
rr = (vx - vy + k*wz) / r
```

`vx` पुढे, `vy` डावीकडे, `wz` घड्याळाच्या उलट दिशेने. गुळगुळीत फरशीवर ०.६ मीटर प्रति सेकंद वेगाने २ मीटर सरळ पाठवला की तो साधारण ५ सेंमी डावीकडे पोचतो. जायरोतला फरक एका अंशाच्या आत आहे. चारही एन्कोडरांचे आकडे जवळजवळ सारखे येतात. त्याच आकड्यांवरून मी रोबोची जागा काढतो तेव्हा आडवं सरकणं शून्य दाखवतं. प्रत्यक्षात मोजपट्टी ५ सेंमी दाखवते.

उलटा, म्हणजे मागे पाठवला तर उजवीकडे सरकतो.

गणितात चूक आहे, की चाकांत?

---

पुरुषोत्तम

गणित बरोबर आहे. माझ्या मते एक चाक थोडं मंद आहे. पीआयडी लावला म्हणजे वेग तंतोतंत मिळतो असं नसतं. भार आला की काही टक्के चूक राहतेच, विशेषतः `I` हा भाग कमी ठेवला असेल तर. प्रत्येक चाकाचा मागितलेला वेग आणि मिळालेला वेग यांचा आलेख काढा. मेकॅनममध्ये एका चाकाची चूक लगेच आडव्या हालचालीत उतरते. साध्या दोन चाकी रोबोत तसं होत नाही.

---

ऋतुपर्ण

माझ्याकडेही हेच होतं. आडवं २ मीटर जायला सांगितलं की १.८ मीटरच जातो. उपाय सोपा आहे, `vy` ला एका गुणकाने गुणा. मी १.१ वापरतो.

---

अनिकेत

ऋतुपर्ण, माझा प्रश्न आडवं चालवण्याचा नाही. मी `vy = 0` देतो. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच राहणार.

पुरुषोत्तम सर, आलेख काढला. सुरुवातीचा क्षणभराचा भाग सोडला तर चारही चाकं मागितलेल्या वेगाच्या एका टक्क्याच्या आत आहेत.

---

सौदामिनी

अनिकेत, तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे रोबो वळत नाही. त्या एका गोष्टीवरून अर्धी कारणं बाद होतात. पुरुषोत्तम म्हणतात तसं एक चाक मंद असतं तर काय झालं असतं ते आकड्यांत बघू. समजायला सोपं जावं म्हणून वेग निम्मा घेते, ०.३ मीटर प्रति सेकंद. त्रिज्या ०.०५ मीटर, म्हणजे प्रत्येक चाकाला ६ रेडियन प्रति सेकंद हवेत. पुढचं डावं चाक ५ टक्के मंद धरू, म्हणजे ५.७.

चाकांच्या वेगावरून रोबोचा वेग काढायची उलटी समीकरणं अशी:

```
vx = ( fl + fr + rl + rr) * r/4
vy = (-fl + fr + rl - rr) * r/4
wz = (-fl + fr - rl + rr) * r/(4*k)
```

आकडे घातले की `vx` ०.२९६ येतो, `vy` सेकंदाला सुमारे ४ मिमी डावीकडे, आणि `wz` ०.०१२५ रेडियन, म्हणजे सेकंदाला ०.७ अंश. २ मीटर जायला पावणेसात सेकंद लागतात. तेवढ्या वेळात थेट आडवं सरकणं अडीच सेंमी होतं. पण तोंडही जवळजवळ ५ अंश डावीकडे वळलेलं असतं, आणि त्या वळण्यामुळे आणखी साडेआठ सेंमी डावीकडे जातो. एकूण ११ सेंमी, त्यातला मोठा वाटा वळण्याचा.

म्हणजे एकच चाक चुकत असेल तर तोंड वळल्याशिवाय राहत नाही. जायरोने ते वळणं दाबून धरलं तरी तुमच्या आलेखात चाकांचे वेग वेगवेगळे दिसले असते. तुमच्याकडे चाकं सारखी फिरतात, तोंड सरळ राहतं आणि तरी रोबो सरकतो. अशा वेळी एन्कोडरकडे बघून उपयोग नाही. एन्कोडर चाक मोजतो, जमीन मोजत नाही. चाक आणि जमीन यांच्या मध्ये काय घडतंय ते बघावं लागेल.

एक प्रश्न: चारही चाकांवर किती किती वजन येतं ते मोजलं आहे का?

---

केतकी

मध्येच विचारते, माझा रोबो पुढे-मागे नीट जातो. आडवा उलट दिशेला जायचा म्हणून मी कोडमध्ये `vy` चं चिन्ह बदललं, तेही जमलं. पण जागच्या जागी वळायला सांगितलं की नुसता थरथरतो आणि चाकं घासतात. माझीही चासी चौरस आहे. हेही सरकण्याचंच रूप आहे का?

---

सौदामिनी

केतकी, तुझी चाकं डावी-उजवी अदलाबदल झाली आहेत. रोबोकडे वरून बघ. चाकांच्या वरच्या बाजूला दिसणारे रोलर मध्याकडे रोखलेले दिसले पाहिजेत, म्हणजे चारही मिळून फुलीचा आकार. तुझ्याकडे बहुधा चौकटीतला शंकरपाळ्यासारखा आकार दिसत असेल. तशी बसवली की वळण्याच्या समीकरणात `lx + ly` च्या जागी `lx - ly` येतं, आणि चौरस चासीत ते शून्य. चारही चाकांचा जोर बरोबर मध्यबिंदूतून जातो, मग वळवणार कोण? कोडमधलं चिन्ह पूर्ववत कर आणि डावी चाकं उजवीकडे, उजवी डावीकडे लाव.

---

केतकी

वरून शंकरपाळाच दिसतो आहे. बदलते.

---

जुना_फिटर

सौदामिनीताईंनी वजनाचं विचारलं तेच मी विचारणार होतो. चासी कशाची आहे? ॲल्युमिनियमची जाड प्लेट आणि चारही मोटरी तिला थेट बोल्ट केलेल्या असतील तर चारही चाकं सारखी टेकणं जवळजवळ अशक्य. चार पायांचं स्टूल जसं डुगडुगतं तसंच. तुमचा रोबो डुगडुगत नसेल, कारण रोलरचं रबर थोडं दबतं. पण वजन मात्र दोन कोपऱ्यांवर जास्त आणि दोनवर कमी पडतं.

---

अनिकेत

चासी ६ मिमीच्या ॲल्युमिनियम प्लेटची, मोटरी थेट बोल्ट केलेल्या. वजन मोजलेलं नाही. चार वजनकाटे नाहीत, एकच आहे. चालेल का?

---

जुना_फिटर

चालेल. पण बाकी तीन चाकांखाली काट्याच्याच उंचीचे ठोकळे हवेत, आणि उंची नीट मोजून. ताठ चासीत एका चाकाखाली एक मिलिमीटर कमी-जास्त झाला की सगळे आकडे बदलतात. काटा एकेका चाकाखाली फिरवा. चारही आकड्यांची बेरीज एकूण वजनाएवढी आली नाही तर उंची चुकली आहे असं समजा.

---

अनिकेत

मोजलं. पुढचं डावं १.१ किलो, पुढचं उजवं २.९, मागचं डावं २.९, मागचं उजवं १.१. बेरीज ८. ठोकळ्यांवर रोबो फिरवून ठेवला तरी तोच कर्ण जड.

गंमत अशी की पुढची बाजू आणि मागची बाजू सारखी, डावी आणि उजवीही सारखी. म्हणजे गुरुत्वमध्य अगदी मध्यावर आहे. मी तो काळजीपूर्वक मध्यावर आणला होता आणि तेवढ्यावर समाधानी होतो.

---

सौदामिनी

मग सापडलं. आता हे सविस्तर लिहिते, कारण मेकॅनमचं सगळं मर्म इथे आहे.

साधं रबरी चाक जमिनीला मागे ढकलतं आणि रोबो पुढे जातो. मेकॅनम चाक तसं करू शकत नाही. जमिनीला टेकलेला रोलर आपल्या आसाभोवती मोकळा फिरतो, त्यामुळे त्या दिशेने तो जोर लावूच शकत नाही. जोर लागतो फक्त रोलरच्या आसाच्या दिशेने, म्हणजे ४५ अंशांत. जेवढा पुढे तेवढाच आडवा. पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक रोबोला पुढे-डावीकडे ढकलतात. पुढचं डावं आणि मागचं उजवं पुढे-उजवीकडे. रोबो सरळ जातो तेव्हाही हा आडवा जोर चारही चाकांवर सतत चालू असतो. दोन कर्ण एकमेकांचा आडवा जोर खोडून काढतात, म्हणून आपल्याला तो दिसत नाही. खोडणं पूर्ण झालं नाही की रोबो सरकतो.

तुमचा जड कर्ण कोणता? पुढचं उजवं आणि मागचं डावं. तो पुढे-डावीकडे ढकलणारा. मागे जाताना तोच कर्ण मागे-उजवीकडे ढकलतो. तुमची दोन्ही निरीक्षणं जुळली. आणि रोबो वळत का नाही? कारण एका कर्णावरची दोन चाकं मध्याभोवती एकमेकांच्या विरुद्ध दिशेने वळवू बघतात. दोघांवर सारखंच वजन असल्यामुळे ती ओढाताण बरोबर शून्य होते. जायरोला दिसण्यासारखं काही उरतच नाही.

आता घसरणं कधी होतं ते बघू. घर्षणाचा गुणांक ०.५ धरते. तुमच्या फरशीवर तो कमी-जास्त असेल, पण अंदाज येईल. हलक्या कर्णावर २.२ किलो आहे, म्हणजे तो जास्तीत जास्त ११ न्यूटनच्या आसपास जोर लावू शकतो. ८ किलोच्या रोबोला त्या कर्णाच्या ४५ अंशांच्या दिशेने साधारण १.३५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढंच त्वरण मिळू शकतं; चाकाच्या पुढे जाण्याच्या वेगात मोजलं तर ते √२ पट, म्हणजे साधारण १.९. जड कर्णाला मात्र याच हिशोबात ५ पर्यंत मिळतं. तुमचा कोड सुरुवातीला वेग एकदम देतो की हळूहळू वाढवतो?

---

अनिकेत

सुरुवातीला एकदम ०.६ देतो. शेवटी मात्र लक्ष्य जवळ आलं की हळूहळू कमी करत आणतो, नाहीतर पुढे निघून जातो.

---

सौदामिनी

मग असं होतं. निघताना जड कर्ण ०.१२ सेकंदात वेग पकडतो. हलका कर्ण घसरतो आणि त्याला ०.३२ सेकंद लागतात. मधल्या काळात रोबो पुढे-डावीकडे जातो. दोघांच्या अंतरातला फरक काढून निम्मा केला की आडवं सरकणं जवळजवळ ३ सेंमी येतं. तुमच्या ५ पैकी ३ सेंमी निघतानाच्या पाव-अर्ध्या सेकंदातले असावेत.

थांबताना तेवढाच झटका दिला असतात तर हलका कर्ण पुन्हा घसरला असता, या वेळी उलट बाजूने, आणि रोबो थोडा उजवीकडे परत आला असता. तुम्ही हळू थांबवता म्हणून ते परत येणं होत नाही. बरेच जण निघताना आणि थांबताना सारखाच झटका देतात आणि त्यांना ही चूक दिसत नाही. रस्त्याच्या मध्ये मात्र त्यांचा रोबो बाजूला असतो.

हे खरं आहे का ते तपासायला रोबोच्या बरोबर मध्यावर एक मार्कर टांगा. टोक हलकेच टेकेल एवढंच. खाली कागदाची लांब पट्टी पसरा. रेघ सुरुवातीलाच बाजूला झुकून मग सरळ गेली तर कारण निघतानाचं घसरणं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी तिरकी असेल तर कारण वेगळं. कमान आली तर रोबो वळतोय.

---

पुरुषोत्तम

सौदामिनी, तुमच्या मांडणीत मला एक अडचण वाटते. तीन चाकंसुद्धा रोबोच्या तीनही हालचाली पूर्ण ठरवू शकतात. चार चाकांची चार समीकरणं आणि अज्ञात तीनच. मग एक चाक हवेत असलं तरी उरलेली तीन योग्य वेगाने फिरत असतील तर रोबो सरळच जायला हवा. वजनाला एवढं महत्त्व का?

---

सौदामिनी

रोलर घसरत नाहीत तोवर तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. म्हणूनच सावकाश निघालं की चूक खूप कमी होते. वजन ठरवतं की घसरणं कधी सुरू होणार. एकदा घसरलं की ते समीकरण त्या चाकापुरतं लागू राहत नाही.

तुम्ही म्हणता त्या जादा समीकरणाचा एक उपयोग आहे. घसरण नसेल तर `fl + fr - rl - rr` नेहमी शून्य यायला हवं, रोबो कुठल्याही दिशेला जात असो. ते शून्य नसेल तर कुठेतरी रोलर नक्की घसरतोय. पण उलटं खरं नाही. ते शून्य आहे म्हणून घसरण नाही असं म्हणता येत नाही. अनिकेतची चाकं सगळी सांगितल्याप्रमाणे फिरतात, बेरीज शून्य येते आणि हलका कर्ण जमिनीवर खुशाल घसरत असतो.

---

पुरुषोत्तम

हे पटलं. आता माझ्याकडून एक भर. हे सगळं वेगाचा पीआयडी असलेल्या रोबोला लागू आहे. चारही मोटरींना नुसतं सारखं व्होल्टेज दिलं असेल तर उलटंही होऊ शकतं. जास्त वजनाच्या चाकांना चालायला जास्त जोर लागतो, ती थोडी मंद होतात, आणि रोबो हलक्या कर्णाच्या बाजूला झुकू शकतो. मी असा रोबो पाहिला आहे. त्यामुळे एन्कोडर न वापरणाऱ्यांनी "जड कर्ण जिकडे ढकलतो तिकडे सरकतो" हे नियम म्हणून घेऊ नये.

---

सौदामिनी

मान्य. तिथे कोणता परिणाम वरचढ ठरेल हे मोटर, गिअर आणि रोलरच्या बेअरिंगवर अवलंबून राहील.

---

ऋतुपर्ण

आधी मी प्रश्न नीट वाचला नव्हता. पण मग माझ्या १.१ च्या गुणकामागेही हेच घसरणं आहे का?

---

सौदामिनी

काही अंशी. आडवं चालताना रोलर स्वतः जोरात फिरतात आणि त्यांच्या बेअरिंगचं घर्षण आड येतं, शिवाय ते थोडे घसरतात. म्हणून समीकरण सांगतं त्यापेक्षा कमी अंतर जातो. गुणक चालेल, पण तो त्या पृष्ठभागापुरता आणि त्या वेगापुरता. पृष्ठभाग बदलला की पुन्हा मोजा. आणि आडवं चालताना रोबोचं एखादं टोक मागे राहत असेल तर गुणकाने ते सुटणार नाही. बहुतेक वेळा जड टोक मागे राहतं. त्यासाठी वजन मध्यावर आणा किंवा जायरोने दिशा धरून ठेवा.

---

अनिकेत

मार्करची रेघ काढली. पहिल्या १५ ते २० सेंमीतच रेघ डावीकडे झुकते, जवळपास ३ सेंमी. तिथून पुढे जवळजवळ सरळ, पण शेवटपर्यंत अगदी बारीक तिरकी राहते. उरलेले दीड-दोन सेंमी त्या तिरकेपणाचे.

मग वेग हळूहळू वाढवायचा बदल केला:

```
step = 1.2 * dt          # m/s^2
d = target_vx - vx
vx += max(-step, min(step, d))
```

आता सुरुवातीचं झुकणं गेलं. ०.६ वर यायला अर्धा सेकंद लागतो, तेवढा चालेल. पण उरलेला बारीक तिरकेपणा तसाच आहे.

---

जुना_फिटर

कोडने निघतानाचं झाकलं, दुखणं चासीत आहे. मोटर धरणाऱ्या पट्टीखाली वॉशर घाला. हलक्या कोपऱ्यांची चाकं थोडी खाली आली पाहिजेत. एका कोपऱ्यापासून सुरू करा, कारण एक कोपरा खाली गेला की त्याच कर्णावरच्या दुसऱ्या कोपऱ्यावरही वजन येतं. अर्धा मिलिमीटरही पुरे होतो. प्रत्येक वेळी काट्यावर बघा.

कायमचा उपाय हवा असेल तर पुढची दोन चाकं एका वेगळ्या आडव्या पट्टीवर घ्या आणि ती पट्टी चासीला मध्यावर एकाच बोल्टने जोडा, डावी-उजवीकडे डुलेल अशी. मग जमीन खालीवर असली तरी पुढच्या दोन्ही चाकांवर सारखंच वजन राहतं, आणि गुरुत्वमध्य मध्यावर असेल तर मागचीही आपोआप जुळतात. बोल्टमध्ये डुलण्यापुरतीच मोकळीक ठेवा, पट्टी पुढे-मागे हलली तर चाकांची दिशाच बदलेल.

---

पुरुषोत्तम

डुलती पट्टी सगळ्यांना सोयीची नाही. रोबोवर उंच हात असेल तर तो एका बाजूला जास्त कलतो. वेग सावकाश वाढवला आणि जागा मोजायला वेगळी सोय केली तर ताठ चासीही चालते. वेगळी सोय म्हणजे जोर न लावणारी, स्प्रिंगने जमिनीला दाबलेली छोटी ओम्नी चाकं, ज्यांना फक्त एन्कोडर असतो. एक पुढे-मागे मोजायला, एक आडवं मोजायला. ड्राइव्हची चाकं किती घसरली याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. आडवं चाक दीड सेंमी डावीकडे सांगेल, कोड तेवढा उजवीकडे जाईल.

---

जुना_फिटर

मोजून दुरुस्त करणं आणि मुळात न सरकणं यात फरक आहे. जो रोबो सतत स्वतःला दुरुस्त करत जातो त्याचे रोलरही तेवढेच झिजतात. आधी वजन जुळवा, मग मोजणारी चाकं लावा.

---

केतकी

चाकं बदलली, रोबो वळायला लागला. आता अनिकेतसारखंच मोजून बघते. माझ्याकडे बॅटरी मागच्या उजव्या कोपऱ्यात आहे. ती मध्ये आणल्याशिवाय वॉशर घालण्यात अर्थ नाही ना?

---

जुना_फिटर

बरोबर. आधी बॅटरी. वॉशरने फक्त एका कर्णावरचं वजन दुसऱ्या कर्णावर ढकलता येतं. पुढे-मागे किंवा डावी-उजवीकडचं वजन वॉशरने हलत नाही.

---

अनिकेत

पुढच्या डाव्या मोटरीखाली वॉशर घातले. आता वजनं: १.९, २.१, २.१, १.९. तिरकेपणा बराच कमी झाला. सावकाश वेग वाढवून २ मीटरला एक सेंमीच्या आत सरकतो, आणि एकदम वेग दिला तरी सुरुवातीचा झटका जवळजवळ दिसत नाही.

एक गोष्ट समजली नाही. सावकाश निघाल्यावर रोलर घसरत नसतील तर वॉशर घालण्याआधी तो बारीक तिरकेपणा तरी कशाचा होता?

---

सौदामिनी

रबर जोर लावताना नेहमीच थोडं मागे सरतं, पूर्ण घसरलं नाही तरी. सारख्याच जोराला कमी वजनाचं चाक जास्त सरतं. चालू रोबोला गिअर आणि जमिनीचा विरोध असतोच, तेवढा जोर चारही चाकं सतत लावत असतात. म्हणून हलका कर्ण सतत जरासा मागे पडतो आणि रेघ एकसारखी तिरकी येते. वजनं जुळवल्यावर ती कमी झाली हे याच्याशी जुळतं.

पण दुसरीही शक्यता बघून घ्या: रोबो सुरुवातीला ठेवतानाच अर्धा अंश तिरका ठेवला जात असेल तर २ मीटरला पावणेदोन सेंमी येतात. रोबो त्याच रेषेवर तोंड उलटं करून ठेवा आणि पुन्हा चालवा. दरवेळी रोबोच्या डाव्या बाजूलाच सरकला तर कारण रोबोत. दरवेळी खोलीच्या एकाच भिंतीकडे सरकला तर फरशीला उतार आहे. कधी इकडे कधी तिकडे गेला तर ठेवण्यात फरक पडतोय.

---

अनिकेत

तोंड उलटं करून बघितलं. फरशीवर दोन्ही वेळा रोबोच्या डाव्याच बाजूला, एक सेंमीहून कमी. म्हणजे उरलेलं रोबोतच आहे आणि तेवढं मला चालेल.

पण आता नवीनच. त्याच रोबोला आखूड केसांच्या गालिच्यावर चालवला तर २ मीटरला ४ सेंमी उजवीकडे जातो, तोंड सरळ ठेवून. सावकाश निघूनही.

---

पुरुषोत्तम

गालिच्यात रोलर रुततात. मग चाकाच्या कडेच्या प्लेटा जमिनीला घासू शकतात. प्लेट टेकली की तो रोलर उरत नाही, साधं चाक होतं. चारपैकी एकाच चाकाची प्लेट टेकत असेल तर एका बाजूला ओढणार.

---

सौदामिनी

तसं असेल तर प्लेटेच्या कडेवर गालिच्याचे तंतू किंवा घासल्याची चमक दिसेल, आणि एकाच चाकाचं असेल तर जायरोला वळणंही जाणवेल. मला गालिच्याच्या केसांची दिशा जास्त संशयास्पद वाटते. केस एका बाजूला झुकलेले असतात आणि त्या बाजूला रोलर सहज सरकतो. इथेही तीच चाचणी: तोंड उलटं करून चालवा. गालिच्याचं काम असेल तर रोबोच्या उजवीकडे नाही, गालिच्याच्या त्याच कडेकडे जाईल.

---

अनिकेत

उलटं करून चालवला तर रोबोच्या डावीकडे गेला, म्हणजे गालिच्याच्या त्याच कडेकडे. प्लेटांवर खुणा नाहीत. पण उलट फेरीत सरकणं ३ सेंमीपेक्षा कमी होतं आणि सुलट फेरीत ४. हा फरक रोबोतला म्हणावा तर फरशीवर रोबो डावीकडे ओढत होता. ते उलट फेरीत मिळून जास्त व्हायला हवं होतं, इथे कमी झालं.

---

जुना_फिटर

गालिच्यावर चाकं रुतली की चारही चाकांवरचं वजन पुन्हा वेगळं पडतं. फरशीवर जुळवलेले वॉशर तिथे तसेच जुळतील असं नाही. ठोकळ्यांवर गालिच्याचे तुकडे ठेवून पुन्हा काट्यावर बघा, काट्यावरही एक तुकडा ठेवून.

---

सौदामिनी

ते कराच. आणि सुलट-उलट दोन्ही फेऱ्या गालिच्याच्या वेगवेगळ्या भागांत घ्या. एकाच पट्ट्यावर सारखं चालवलं की केस दबून त्यांची दिशा बदलते आणि मग सुलट-उलटची तुलना करता येत नाही.

---

अनिकेत

तुकडे कापून आणतो. वजनं इथेच लिहितो.